माल कमी भरतोय, पण बोट कोणाकडे दाखवायचं?

*"चोपड्याला आमचं किराणा दुकान आहे, घराला लागूनच. घरी आम्ही सहा माणसं. महिन्याची विक्री सहा लाखांच्या आसपास. मार्चअखेर माल मोजला, तर कॉम्प्युटरवर दिसतो त्यापेक्षा खरेदीभावाने ८५ हजारांचा माल कमी निघाला. दुकानात तिघं कामाला आहेत. वडिलांच्या काळापासूनचे एक काका माप आणि गोडाऊन बघतात, एक मुलगी बिलं करते आणि एक मुलगा घरपोच माल व उधारीची वसुली करतो. मित्र म्हणतो, कॅमेरे लाव आणि तिघांच्या पगारातून काप. काकांना काही विचारलं तर ते दुकान सोडून जातील अशी भीती वाटते. काय करावं?"*

भाऊ, तिघांपैकी कोणाशीही बोलण्याआधी हा ८५ हजारांचा आकडा फोडून बघा. वर्षभराची तूट एकदम समोर आली म्हणून ती चोरीच वाटते. पण किराणा दुकानात माल चार-पाच वाटांनी कमी होतो आणि त्यातली सगळ्यात मोठी वाट बहुतेक वेळा मालकाच्या स्वयंपाकघरात जाते.

दुकान घराला लागून आहे, घरी सहा माणसं आहेत. तेल, साखर, चहा, डाळ, साबण, पोरांची बिस्किटं रोज आत जात असणार, आणि त्याचं बिल कोणी करत नसणार. खरेदीभावाने महिन्याला साडेचार हजारांचा माल घरात गेला असं धरलं, तर वर्षाचे ५४ हजार झाले. मुदत संपलेला, उंदरांनी फोडलेला, पाकीट फुटलेला माल नोंद न करता टाकला जातो. तो महिन्याला हजाराचा धरा, वर्षाचे १२ हजार. ८५ मधून हे ६६ गेले की उरले १९ हजार, म्हणजे ७२ लाखांच्या विक्रीवर शंभर रुपयांमागे सव्वीस-सत्तावीस पैसे. तुमच्या घरचा आकडा वेगळा असेल, पण तो तुम्हाला ठाऊक नाही हीच खरी अडचण आहे. तो कळेपर्यंत काकांकडे संशयाने बघणं अन्यायाचं होईल.

म्हणून पहिलं काम घरापासून करा. बिलिंगमध्ये 'घरखर्च' नावाचं एक ग्राहक-खातं उघडा आणि घरात जाणारी प्रत्येक वस्तू खरेदीभावाने त्या खात्यावर चढवा. वहिनींनी रात्री नऊला काडेपेटी नेली तरी ती चढली पाहिजे. 'डॅमेज'चंही तसंच खातं ठेवा. खराब माल लगेच फेकायचा नाही, एका खोक्यात साठवायचा, आणि आठवड्यातून एकदा दोघांनी मिळून मोजून, नोंदवून मगच टाकायचा. जीएसटी नेहमीच्या पद्धतीने भरत असाल, तर घरी वापरलेल्या, खराब होऊन फेकलेल्या किंवा चोरीला गेलेल्या मालाच्या खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट घेता येत नाही, घेतलं असेल तर उलटवावं लागतं. हा हिशेब कर सल्लागाराला दाखवाच.

घरचा माल लिहून नेण्याचा आणखी एक उपयोग आहे. पुढे नोकरांनाही लिहायला सांगाल तेव्हा नियम मालकाच्या घरालाही लागू आहे हे त्यांनी महिनाभर डोळ्यांनी पाहिलेलं असेल.

आता मालाची मोजणी. वर्षातून एकदा सगळं दुकान मोजून काही सापडत नाही, कारण तूट केव्हा पडली हे कळतच नाही. त्यापेक्षा फक्त बारा वस्तू निवडा आणि दर आठवड्याला मोजा. खिशात मावणाऱ्या, महाग आणि लगेच विकल्या जाणाऱ्या वस्तू घ्या: चहाची पाकिटं, काजू, बदाम, वेलची, तूप, रेझर, बॅटरी सेल, महाग साबण. आठ वस्तू कायम ठेवा आणि चार दर आठवड्याला बदला. कोणत्या चार ते मोजणीच्या सकाळपर्यंत कोणाला सांगू नका. दुकान उघडायच्या आधी वीस-पंचवीस मिनिटांत हे काम होतं. बाजाराच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ त्याला चांगली.

मोजणाऱ्याच्या हातात कोरा कागद द्या. कॉम्प्युटरवर किती दिसतात हे त्याला आधी कळता कामा नये, नाहीतर आकडा बघून मोजणी जुळवली जाते. त्यात लबाडीच असते असं नाही, घाईतही माणूस तसं करतो. दोघांनी वेगवेगळं मोजावं आणि शेवटी दोन्ही कागद जुळवावेत. रॅकवर, रॅकमागे, गोडाऊनमध्ये आणि फोडलेल्या खोक्यात, अशा चारही जागा बघाव्यात.

एका वस्तूचा हिशेब करून बघू. पाव किलो चहाची मागच्या मोजणीची शिल्लक ४६ पाकिटं. आठवड्यात २४ ची दोन खोकी आली, म्हणजे ४८. कंपनीच्या स्कीममध्ये ४ फुकट आली. एकूण ९८. बिलाने विकली गेली ५१, डॅमेज १, घरखर्च २. राहायला हवीत ४४. प्रत्यक्षात भरली ३८, म्हणजे सहा कमी.

इथे बहुतेक मालक चुकतात, सहा कमी दिसले की चेहरा बदलतो. आधी त्याच किमतीच्या शेजारच्या वस्तू मोजा. दुसऱ्या ब्रँडचा पाव किलो चहा सहाने जास्त भरला, तर चोरी झालेलीच नाही. गर्दीत बिल करताना नेहमीचा कोड दाबला गेला, विकला एक चहा आणि कापला दुसरा. पैसे पूर्ण गल्ल्यात आलेले आहेत. उपाय म्हणजे त्या दोन वस्तूंना बारकोड वापरणं, किंवा यादीत त्यांची नावं सहज वेगळी वाचता येतील अशी ठेवणं.

स्कीमचा माल मात्र न चुकता खरेदीत चढवा. बारावर एक फुकट आलेलं पाकीट नोंदलं नाही, तर दुकानात एक पाकीट जास्त असतं आणि कोणी एक नेलं तरी हिशेब बरोबर जुळतो. जिथे फुकटचा माल लिहिला जात नाही, तिथे तूट महिनोन्महिने झाकली जाते.

सुट्या मालाचं गणित निराळं आहे. साखरेचं ५० किलोचं पोतं अर्धा-अर्धा किलोने विकलं तर शंभर वजनं होतात. प्रत्येकी पाच ग्रॅम जास्त पडले तरी अर्धा किलो गेला, आणि हात सैल असेल तर दहा ग्रॅमने एक किलो. शेंगदाणा वाळतो, गुळाची ढेप फोडताना चुरा पडतो. म्हणून पोत्यावर खडूने फोडल्याची तारीख लिहा. संपलं की त्या दिवसांत बिलाने किती किलो गेली ते बघा. पहिली तीन पोती काकांबरोबर उभं राहून अशीच तपासा आणि तुमच्या दुकानाची नेहमीची घट ठरवून घ्या. साखरेला ती अर्धा किलो निघाली आणि पुढचं पोतं दीड किलोने कमी आलं, तर चौकशीला जागा आहे. मात्र आधी माल उतरवताना पोतं बारदानाचं वजन वजा करून ५० भरलं होतं का, हे बघा. इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन विभागाकडून वर्षाची पडताळणी झालेली असावी, आणि रोज सकाळी एक किलोचं वजन ठेवून काटा तपासावा.

माल येतानाही मोठी गळती होते. घाऊक व्यापाऱ्याची गाडी ऐन गर्दीत येते, हमाल खोकी आत टाकतो आणि कोणीतरी बिलावर सही करतो. गर्दीच्या वेळी माल घ्यायचा नाही हे गाडीवाल्याला सांगून ठेवा. एकाने बिल वाचायचं, दुसऱ्याने मोजायचं. कमी असेल तर गाडी उभी असतानाच त्याच्या प्रतीवर लिहून सही घ्यायची.

आता गल्ला. संध्याकाळी गल्ला जुळला म्हणजे सगळं ठीक, असं समजू नका. बिल न करता माल दिला आणि पैसे खिशात गेले, तर गल्ला पैशापैशाने जुळतो. बिलाबाहेरचे पैसे पुष्कळदा आधी गल्ल्यातच पडतात आणि गर्दी ओसरल्यावर बाजूला काढले जातात. त्यामुळे महिन्यातून दोन-तीनदा दुपारी अचानक गल्ला मोजा. सकाळचे सुटे पैसे, त्यात तोपर्यंतची रोख बिलं आणि वसुली मिळवा, खर्चासाठी दिलेले वजा करा. दहा-वीस रुपये इकडेतिकडे होणारच. पण सातशे-आठशे जास्त निघाले तर ते कमी निघण्यापेक्षा गंभीर आहे. कमी म्हणजे सुटे देताना चूक झाली असेल. जास्त म्हणजे माल गेला, पैसे आले, पण बिल झालेलं नाही. यात चोरी असेलच असं नाही, गर्दीत बिल राहूनही जातं. एकदा निघाले तर "बिल राहतंय" एवढंच सांगा. पुन्हा पुन्हा आणि ठरावीक माणूस गल्ल्यावर असतानाच निघाले, तर लिहून ठेवा.

बिलं रद्द करण्याचा पासवर्ड बहुतेक दुकानांत सगळ्यांना पाठ असतो. आज तो बदला. प्रत्येकाचं लॉगिन वेगळं, भाव बदलायचा आणि बिल रद्द करायचा अधिकार फक्त तुमचा आणि वहिनींचा. रद्द केलेलं बिल पुसायचं नाही, नंबरासकट तसंच राहू द्यायचं, म्हणजे नंबरांची साखळी तुटत नाही. रोज रात्री रद्द बिलांची यादी काढा आणि वेळ बघा. ग्राहकाने एखादी वस्तू परत केली म्हणून बिल रद्द झालं असेल, तर दोन-तीन मिनिटांत जवळपास तशाच वस्तूंचं नवं बिल दिसतं. रद्द झालं आणि मागोमाग काहीच नाही, तर विचारायला हवं. 'होल्ड'वर टाकून तशीच राहिलेली बिलंही याच यादीबरोबर बघा.

यूपीआयचा जमा आकडा रोज बँकेच्या किंवा पेमेंट अॅपच्या यादीशी जुळवा. रोख ३४० रुपये कमी आणि यूपीआय बरोबर ३४० जास्त असेल, तर बिल करताना चुकीचं बटण दाबलं गेलं एवढंच. रोज सकाळी काउंटरवरचा क्यूआर कोड स्वतःच्या मोबाइलने स्कॅन करून नाव तुमचंच येतंय का ते पाहा. वर दुसरं स्टिकर चिकटवायला दोन सेकंद लागतात आणि ते बाहेरचा माणूसही करू शकतो.

खरं सांगायचं तर तुमच्या पत्रातली मला सगळ्यात काळजीची वाटलेली जागा काका नाहीत, बिल करणारी मुलगीही नाही. एकाच पोराकडे माल पोचवणं आणि उधारीची वसुली दोन्ही आहे, ही ती जागा. तो पोरगा लबाड आहे असं मी म्हणत नाही. व्यवस्था अशी आहे की प्रामाणिक पोरालाही हिशेब सिद्ध करता येणार नाही. ग्राहक दारात त्याच्याच नंबरवर पैसे टाकतो, कारण ते सोपं पडतं. मग त्यातले काही लगेच भरले जातात, काही राहतात. याची पुढची पायरी ओळखायला अवघड असते. एका ग्राहकाचे पाचशे खर्च झाले, की चार दिवसांनी दुसऱ्याने दिलेले पाचशे पहिल्याच्या खात्यात जमा होतात, दुसऱ्याचे तिसऱ्याच्या पैशातून. खाती सगळी चालू दिसतात, फक्त प्रत्येक जमा उशिरा चढते.

त्याच्या पिशवीत दुकानाचा क्यूआर कोड लॅमिनेट करून द्या आणि त्याच्या स्वतःच्या नंबरवर पैसे घ्यायचे नाहीत हे ग्राहकांनाही कळवा. बिल झाल्याशिवाय माल दुकानाबाहेर पडायचा नाही. सोबत रोजचा एक कागद द्या: बिल नंबर, रक्कम, रोख की यूपीआय की उधार. वसुलीला छापील नंबरांचं, कार्बन प्रतीचं पावतीपुस्तक. दर महिन्याला दहा खातेदारांना तुम्ही स्वतः फोन करा: "नाना, तुमच्याकडे इतके बाकी दिसतात, बरोबर ना? आणि शेवटचे पैसे कधी दिले होते?" रक्कम जुळेल, पण तारीखही जुळली पाहिजे. नानांनी पाच तारखेला दिले आणि खात्यात बारा तारखेला जमा असतील, तर अशी आणखी खाती शोधा. शेतकरी घरांची उधारी पीक विकल्यावर एकदम येते, तेव्हा रकमा मोठ्या असतात. त्या दिवसांत मोठी वसुली तुम्ही स्वतःच करा.

हे सगळं सुरू करताना तिघांना एकत्र बसवून सांगा, एकेकट्याला नको. काकांना मात्र आदल्या दिवशी घरी बोलावून आधी कल्पना द्या, तो त्यांचा मान आहे. शब्द साधे ठेवा: "काका, मार्चला माल आणि कॉम्प्युटर जुळला नाही. त्यात आमच्या घरात गेलेला माल बराच आहे, तो आम्ही लिहायला लागलोय. बाकीचं कुठे चुकतंय ते शोधायला मला तुमची मदत लागेल. आठवड्याची मोजणी तुम्ही आणि मी मिळून करू." ८५ हजारांचा आकडा आणि 'चोरी' हा शब्द काढूच नका. मोजणीची जोडी पुढे दर आठवड्याला बदला, म्हणजे ज्याच्या ताब्यात गोडाऊन तोच नेहमी मोजणारा असं होणार नाही.

बदल्यात त्यांनाही काहीतरी सरळ मिळायला हवं. नोकरांना खरेदीभावाने माल द्या, महिन्याची मर्यादा ठरवा, आणि ते बिल दुसऱ्याने करायचं. उचल किती आणि केव्हा मिळेल हे ठरवून टाका. आखाजीला किंवा कानबाईला घरी पैसे लागतात आणि मालकाकडे मागायची लाज वाटते, तेव्हा "नंतर लिहू" म्हणून पिशवीत टाकलेली साखर मग लिहिली जात नाही. पिशव्या ठेवायला दाराजवळ सगळ्यांसाठी एकच खुंटी असावी, तुमचीही पिशवी तिथेच. अंगझडती कधीही घेऊ नका.

कॅमेरा लावायला हरकत नाही, पण उघडपणे आणि सांगून. तो काउंटर, काटा, गल्ला आणि गोडाऊनच्या दारावर असावा, डबा खायच्या जागेवर नको. रोजचं चित्रण बसून बघायला कोणालाच वेळ नसतो. त्याचा उपयोग रद्द बिलाची वेळ घेऊन तेवढीच दोन मिनिटं बघायला होतो, आणि त्यासाठी कॅमेऱ्याचं घड्याळ व कॉम्प्युटरचं घड्याळ सारखं असलं पाहिजे. त्यात दहा मिनिटांचा फरक असेल तर भलत्याच माणसावर आळ येईल.

मित्राचा दुसरा सल्ला, तिघांच्या पगारातून कापायचा, अजिबात ऐकू नका. नुकसान पगारातून कापायचं तर तो माल त्या माणसाकडे स्पष्टपणे सोपवलेला असावा लागतो, त्याच्या हलगर्जीपणाने किंवा चुकीने गेलेला असावा लागतो, आणि आधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. सरसकट वाटणी कायद्यात बसत नाही. शिवाय ज्याने काही नेलं नाही तोही भरपाई देऊ लागला, की लक्ष ठेवण्यात त्याला रस उरत नाही.

तीन-चार आठवडे एकाच वस्तूत, एकाच माणसाच्या वेळेत तूट येत राहिली, जोडीची वस्तू जास्त भरत नाही, कागद आणि चित्रण दोन्ही हातात आहेत, तर मग बोला. दुकान बंद झाल्यावर, तुम्ही आणि घरातलं एक मोठं माणूस. आरोपाने सुरुवात करू नका. कागद पुढे ठेवा आणि विचारा, "हे कसं झालं असेल?" मग गप्प बसा. डांबून ठेवणं, धमकावणं, कोऱ्या कागदावर सही घेणं, कागदपत्रं अडवणं, यातलं काही केलंत तर गुन्हा तुमच्यावर येईल. कबूल केलं आणि रक्कम लहान असेल, तर परतफेड लिहून घेऊन गल्ल्यापासून दूरचं काम द्यायचं की निरोप द्यायचा, हे तुमच्या मनाने ठरवा. पण केलेल्या दिवसांचा पगार पूर्ण द्या आणि गावात बोभाटा करू नका. रक्कम मोठी असेल तर पोलिसांत तक्रार हा मार्ग आहे. नोकराने मालकाच्या मालाची चोरी करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०६ खाली वेगळा गुन्हा आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. तिथेही तुमचे हे आठवड्याचे कागदच कामाला येतील.

पहिले दोन महिने दर आठवड्याला मोजा. बारापैकी दहा-अकरा वस्तू सलग चार आठवडे जुळल्या, तर पंधरा दिवसांनी मोजा. आखाजीच्या आणि दिवाळीच्या गर्दीत मोजणी सोडून द्या, सण सरल्यावर दोन दिवसांत करा. दुपारचा अचानक गल्ला आणि दहा खातेदारांना फोन, हे मात्र चालूच ठेवा.